मूरचं मीली करताना उत्तरात तीन स्टेट, माझ्या चार. माझं चुकतंय का?

शेवटचा_बाक

परवा इंटर्नल आहे म्हणून इथे विचारतोय. प्रश्न असा : इनपुटला एकेक बिट येतोय, त्यात १०१ दिसलं की आउटपुट १ द्यायचं, एरवी ०. ओव्हरलॅप चालतो, म्हणजे १०१०१ मध्ये दोनदा १ यायला हवा. आधी मूर मशीन काढा, मग त्याचं समतुल्य मीली मशीन करा. मूर जमलं :

```
स्टेट   0   1   आउटपुट
A      A   B   0
B      C   B   0
C      A   D   0
D      C   B   1
```

A म्हणजे अजून हाती काही नाही, B म्हणजे १ मिळाला, C म्हणजे १० झाले, D म्हणजे १०१ पूर्ण.

आता मीली. वर्गातल्या नोट्समध्ये एकच ओळ आहे, "स्टेटमधलं आउटपुट काढून बाणावर ठेवा". म्हणून मी प्रत्येक स्टेटमधून बाहेर जाणाऱ्या बाणांवर त्या स्टेटचं आउटपुट लिहिलं. D मधून निघणाऱ्या दोन्ही बाणांवर १, बाकी सगळीकडे ०. स्टेट चारच राहिल्या. मागे छापलेल्या उत्तरात तीन आहेत. चौथी कुठे गेली? आणि माझं उत्तर धरतील का?

पुणेरी_किडा

सोप्पं आहे रे. मीलीत मूरपेक्षा नेहमी एक स्टेट कमी असते. शेवटची खोडून टाक. D गेली की झालं. आणि हे मूर म्हणजे तेच ना, ट्रान्झिस्टर दर दोन वर्षांनी दुप्पट होतात म्हणणारे? मोठा माणूस.

रानभुली

मथळ्यात मशीन वाचून धावत आले, आमचं वॉशिंग मशीन स्पिनला अडकतंय. इथे तर भलतंच निघालं. असो, बसते मागे, चालू द्या.

घड्याळजी

@पुणेरी_किडा, ते गॉर्डन मूर. हे एडवर्ड मूर, बेल लॅब्जमधले. त्यांचा लेख १९५६चा. जॉर्ज मीलीही बेल लॅब्जचेच, त्यांचा लेख त्याच्या आदल्या वर्षीचा. आणि "नेहमी एक कमी" हेही खरं नाही, पण त्याकडे नंतर येतो.

@शेवटचा_बाक, नोट्समधली ओळ अर्धी आहे. बाणावर ठेवायचं, पण कुठल्या बाणावर? बाण ज्या स्टेटमध्ये जाऊन पोचतो, तिचं आउटपुट त्या बाणावर लिहायचं. निघतो त्या स्टेटचं नव्हे. सूत्रात लिहायचं तर :

```
λ'(q, a) = λ(δ(q, a))
```

म्हणजे q मध्ये असताना a आला तर आधी कुठे जाणार ते बघ, मग तिथलं आउटपुट उचलून आण. मूर मशीन इनपुट घेतं, पुढच्या स्टेटमध्ये जातं आणि तिथे पोचल्यावर बोलतं. मीलीला तेच बोलणं वाटेत उरकायचं असतं. म्हणून टेबल असं होतं :

```
स्टेट   0      1
A      A/0    B/0
B      C/0    B/0
C      A/0    D/1
D      C/0    B/0
```

आता B ची ओळ आणि D ची ओळ शेजारी ठेवून वाच. तुझी चौथी स्टेट कुठे गेली ते दिसेल.

शेवटचा_बाक

दोन्ही ओळी सेम टू सेम! म्हणजे D ला B म्हणायचं आणि C मधून १ वर B/1. तीन झाल्या. पण काका, मी लिहिलेलं चुकीचं का, हे अजून पटत नाही. माझ्या मशीनमध्येही D ला गेल्याशिवाय १ येत नाहीच ना.

घड्याळजी

चालवून बघू. इनपुट 110101 दे.

```
इनपुट          1 1 0 1 0 1
मूर स्टेट    A B B C D C D
मूर आउटपुट   0 0 0 0 1 0 1
बरोबर मीली     0 0 0 1 0 1
तुझं           0 0 0 0 1 0
```

मूरचं पहिलं ० हे इनपुट यायच्या आधीचं, नुसतं A मध्ये उभं राहिल्याचं. ते सोडलं तर मूर आणि मीलीची ओळ तंतोतंत जुळते. तुझ्या ओळीत तेच पहिलं ० धरून सगळं एका बिटाने मागे सरकलंय, त्यामुळे शेवटचा १ बाहेर पडायला जागाच उरली नाही. सहाव्या बिटाला १०१ पूर्ण झालं, पण तुझं मशीन ते सातवा बिट आल्यावर सांगणार. सातवा आलाच नाही तर कधीच नाही.

हे ओळखायची खूणही त्यातच आहे. ज्या उदाहरणात इनपुट अगदी शेवटी १०१ ने संपतं ते घ्यायचं. मधल्या १०१ वर दोन्ही मशीन सारखी भासतात, फक्त एक घर मागे. शेवटच्यावर पितळ उघडं पडतं.

आणि तुझ्या टेबलात स्टेट कमी का झाली नाही, तेही इथेच कळतं. तुझ्याकडे D ची ओळ C/1, B/1 होती आणि B ची C/0, B/0. पुढे जाणं सारखं, पण बाहेर जाणाऱ्या बाणांवर आपापलं जुनं आउटपुट चिकटून राहिलं, म्हणून त्या वेगळ्या दिसल्या.

मास्तर_कोल्हापूरकर

वर सगळ्यांनी अवघड केलंय. आउटपुट बाणावर आहे, ते स्टेटमध्ये आणायचं ना? मग बघायचं की एका स्टेटमध्ये येणाऱ्या बाणांवर वेगवेगळी आउटपुट आहेत का. असतील तर ती स्टेट फोडायची. B मध्ये A कडून ० घेऊन येतात, C कडून १ घेऊन येतात, म्हणून B चे दोन तुकडे करायचे, B0 आणि B1. दोन्हींतून पुढचे बाण तसेच. A आणि C मध्ये फक्त ० येतं, त्या फोडायच्या नाहीत. एकूण चार.

सांजवारा

मास्तर, तुम्ही उलट दिशेने निघालात, धागा मूरकडून मीलीकडे चाललाय :)

पण छान झालं, कारण तुमचं B1 म्हणजेच बाकाची D. तीन स्टेटचं मीली परत मूरमध्ये नेलं की फोडाफोडी होऊन नेमकं सुरुवातीचं मशीन मिळतं. जाताना जी मिसळली, तीच येताना वेगळी झाली. परीक्षेत उत्तर तपासायला हे वापरता येईल.

मास्तर_कोल्हापूरकर

अरे खरंच की. चष्मा घरी राहिलाय. तरी माझी रीत बरोबर आहे हे नोंदवून ठेवा.

पुणेरी_किडा

म्हणजे शेवटी एक कमी झालीच. माझंच बरोबर. D खोडा म्हणालो होतो, D गेली.

सांजवारा

किडा, नुसती खोडली असती तर C मधून १ आल्यावर जायचं कुठे? तो बाण B ला वळवला, कारण B आणि D च्या ओळी जुळल्या. A ला वळवला असता तर ओव्हरलॅपच बंद पडला असता.

आणि "नेहमी" बद्दल. बायनरी आकडा डावीकडून एकेक बिट वाचत जायचं आणि आतापर्यंतच्या आकड्याला ३ ने भागून बाकी सांगायची, हे मूर घे. बाकी r असताना नवा बिट b आला की नवी बाकी म्हणजे 2r+b ला ३ ने भागल्यावर उरते ती.

```
स्टेट   0   1   आउटपुट
R0     R0  R1  0
R1     R2  R0  1
R2     R1  R2  2
```

मीली केलं तर R0 ची ओळ R0/0, R1/1 होते, R1 ची R2/2, R0/0 आणि R2 ची R1/1, R2/2. एकही जोडी जुळत नाही. तीनाच्या तीनच राहतात. वाढत मात्र कधीच नाहीत, कारण आपण नवी स्टेट कुठे बनवतच नाही.

पुणेरी_किडा

बरं बाई, "बहुतेक वेळा" म्हणतो.

सांजवारा

तेही नको :) आधीच ओळखता येतं. मूर मशीन मुळात लहानात लहान असेल, त्यात एकही फालतू स्टेट नसेल, तर फक्त पुढच्या स्टेटचे रकाने बघायचे. दोन स्टेटचे पुढचे रकाने हुबेहूब सारखे आणि फरक फक्त स्वतःच्या आउटपुटचा, अशी जोडी असेल तरच ती मीलीत एक होते. वरच्या मूर टेबलात B आणि D दोन्ही C, B असं म्हणतात. झालं.

एकदा जुळवून झाल्यावर पुन्हा नवी जोडी तयार होईल का, म्हणून परत परत बघावं लागत नाही. समजा एका स्टेटमधून ० वर B ला जातात आणि दुसरीतून ० वर D ला. B, D एक झाल्या तरी पहिल्या बाणावर ० आहे आणि दुसऱ्यावर १, त्यामुळे त्या दोन स्टेट वेगळ्याच राहणार. मूर मशीन आधीच फुगलेलं असेल तर मात्र ही सवलत नाही, तिथे नेहमीसारखं गट पाडत शेवटपर्यंत जायचं.

सोल्डरगन

कागदावर एवढी मजा चाललीय तर बोर्डावर काय होतं तेही सांगतो. मी एका छोट्या कारखान्यात कंट्रोल बोर्ड करतो. असाच एक १०१ पकडणारा तुकडा एफपीजीएत होता. इनपुट x प्रॉक्सिमिटी सेन्सरवरून, आउटपुट z एका काउंटरला. आधीच्या माणसाने मूर लिहिलं होतं. नंतर कुणीतरी "एक स्टेट वाचते" म्हणून मीली केलं. बदल एवढाच :

```verilog
assign z = (state == D);      // आधी
assign z = (state == C) & x;  // नंतर
```

दुसऱ्या दिवसापासून काउंटर पुढे पळायला लागला. माल कमी, आकडा जास्त. स्कोप लावला तर z वर बारीक बारीक सुया. स्टेट C मध्ये बसलेली असताना सेन्सरची तार क्षणभर वर जाऊन खाली यायची. क्लॉकच्या एजला x शून्यच असायचा, म्हणजे मशीनच्या लेखी १०१ झालेलंच नसायचं. पण z मध्ये x थेट घुसलेला, त्यामुळे ती सुई जशीच्या तशी काउंटरच्या क्लॉक पिनवर. कागदावरचं "समतुल्य" क्लॉकच्या एजला बघितलं तर समतुल्य. दोन एजच्या मधे काय चाललंय त्याची कोण हमी देणार?

घड्याळजी

सोल्डरगन, नेमकं दुखतं तिथे बोट ठेवलंत. सूत्रात "वाटेत बोलतं" म्हटलं, ते बोर्डावर असं दिसतं : मूरचं z हे C मधून D ला नेणारी एज होऊन गेल्यावर वर जातं. मीलीचं z त्या एजच्या आधीच, x वर गेल्या गेल्या. एक क्लॉक लवकर. समोरच्याला घाई असेल तर फायदाच, नाहीतर हे असं.

एक मात्र विचारतो. x सिंक्रोनाइझ न करता थेट आत घेतला होता का? आणि z थेट काउंटरच्या क्लॉकला?

सोल्डरगन

दोन्हीला उत्तर हो. डिझाइन आमचं नव्हतं, पण शिव्या आम्हीच खाल्ल्या.

म्हणून आमच्याकडे तेव्हापासून नियम आहे : मूरच वापरायचं. मूरला सुया येत नाहीत.

घड्याळजी

त्या नियमात भोक आहे. मूरचं z म्हणजे स्टेटच्या बिटांवर लावलेलं गेट. A=00, B=01, C=10, D=11 असं कोडिंग केलंत तर z म्हणजे दोन्ही बिटांचं अँड. B मधून C ला जाताना 01 चं 10 होतं, दोन्ही बिट एकदम पलटतात. प्रत्यक्षात एकदम कधीच पलटत नाहीत. डावा आधी पलटला तर क्षणभर 11, म्हणजे D चा भास, म्हणजे सुई. इनपुटने काहीही वात्रटपणा न करता.

कोड बदलून हे टळेल असं वाटतं, पण दोन बिटांत टळत नाही. A, B, C एकमेकींत वर्तुळात फिरतात : A मधून B, B मधून C, C मधून A. दोन बिटांचे चारच कोड, त्यात समोरासमोरच्या दोन जोड्या, 00-11 आणि 01-10. D एका जोडीत बसते. उरलेली जोडी A, B, C पैकीच दोघींना मिळते आणि त्यांच्या मधल्या वाटेवर D चा कोड येतोच. कुठलीही चिठ्ठी उचला.

वन-हॉट केलंत, प्रत्येक स्टेटला स्वतःचा फ्लिप-फ्लॉप, तर z म्हणजे D चा फ्लिप-फ्लॉप थेट, मधे गेटच नाही. तेव्हा मूर स्वच्छ. किंवा मीलीचं z एका फ्लिप-फ्लॉपमधून बाहेर काढा :

```verilog
always @(posedge clk)
  z <= (state == C) & x;
```

शून्यएक

पण मग ते मीली राहिलं का? C आणि x एजला पकडून ठेवले की z नेमकं तेव्हाच वर जातं जेव्हा मूर D मध्ये असतं. म्हणजे फिरून मूरच झालं. आणि वाचवलं काय? चार स्टेटना दोन फ्लिप-फ्लॉप, तीन स्टेटनाही दोनच. वर z चा एक, झाले तीन. वन-हॉटमध्ये चारचे तीन केलेत आणि z चा धरून पुन्हा चार. कशाला एवढा द्राविडी प्राणायाम?

घड्याळजी

फ्लिप-फ्लॉप वाचत नाहीत, मान्य. पण z थेट फ्लिप-फ्लॉपमधून येतं, स्टेटचं कोडिंग काहीही असो. कामाला मी हेच वापरतो. नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. माझ्या मते आतलं लॉजिक मीलीच.

शून्यएक

आणि माझ्या मते बाहेरून बघणाऱ्याला जे दिसतं ते मूर. इथे आपलं जमणार नाही.

बाकी एक राहिलंच. दोन मीली मशीन समोरासमोर जोडली, एकाचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट आणि उलटही, तर मधे एकही फ्लिप-फ्लॉप नसलेलं गेटांचं वेटोळं तयार होऊ शकतं. टूल "कॉम्बिनेशनल लूप" म्हणून ओरडतं. दोन्ही मूर असताना हे होत नाही. मोठ्या डिझाइनमध्ये एखादं मशीन बदलताना शेजारच्याकडेही बघावं.

रानभुली

मला आता १०१ कुठेही दिसतंय. आमच्या बिल्डिंगचा लिफ्टचा नंबरसुद्धा.

शेवटचा_बाक

सगळ्यांचे आभार, पण मला वन-हॉट वगैरे सिलॅबसमध्ये नाही हो. दोन शंका. मूरचं ते पहिलं ० मीलीत येतच नाही, तर "समतुल्य" कसं म्हणायचं? आणि उत्तरात ते लिहायचं का?

सांजवारा

n बिट दिले की मूर n+1 आउटपुट देतं, मीली n. इनपुट यायच्या आधी मीलीला तोंड उघडायला बाणच नाही. म्हणून व्याख्येतच मूरचं पहिलं आउटपुट वगळून तुलना करतात. तुझ्या उदाहरणात ते ० आहे म्हणून बोचत नाही. "आतापर्यंत आलेले १ सम आहेत का" हे मूर घे. काहीच आलेलं नसतानाही ते १ दाखवतं, कारण शून्य ही सम संख्या. मीली केलं की ती माहिती गेलीच.

शून्यएक

म्हणूनच मी त्याला पूर्ण समतुल्य म्हणत नाही. रिकाम्या इनपुटला एक उत्तर देतं आणि दुसरं गप्प बसतं. व्याख्या सोयीची करून घेतली म्हणून वस्तुस्थिती बदलत नाही.

घड्याळजी

व्याख्या सोयीचीच असते. बाकराव, पेपरात शेवटी एक ओळ टाका : "मूरचे आरंभीचे आउटपुट ० वगळून दोन्ही समतुल्य". तपासणारा यांच्यातला असो की माझ्यातला, गुण कापणार नाही.

मास्तर_कोल्हापूरकर

आणि टेबलाच्या वर चार स्टेटचं मीली आधी लिहायचं, मग B = D असं लिहून तीनचं. थेट तीनचं लिहिलंस तर पायरीचे गुण जातात. यात तरी मी योग्य दिशेने आहे ना?

शेवटचा_बाक

हो मास्तर :)

आत्ता मीच ओव्हरलॅप बंद करून बघितलं. १०१ झालं की पुन्हा कोऱ्या पाटीवरून. मग मूरमध्ये D ची ओळ A, B अशी होते. म्हणजे ती B शी जुळत नाही, A शी जुळते. तेव्हा D जाते आणि बाण A ला वळतो :

```
स्टेट   0      1
A      A/0    B/0
B      C/0    B/0
C      A/0    A/1
```

10101 दिल्यावर 0 0 1 0 0 आलं.

सांजवारा

बरोबर आलंय. आता 101101 दे.

शेवटचा_बाक

0 0 1 0 0 1. दोन आले, पण हे दोन १०१ एकमेकांवर चढलेले नाहीत, त्यामुळे ठीक ना?

सांजवारा

ठीक. झोप आता.